तीन पट्टे आणि एक व्हरांडा

पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या शाळेचा चौक ९ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. तीन बाजूंना वर्ग, चौथ्या लांब बाजूला व्हरांडा, व्हरांड्यालगतच्या एका कोपऱ्यात पाण्याचा नळ आणि त्याचा कट्टा. खाली शहाबादी फरशी. पाचवीच्या वर्गातली ३४ मुलं शारीरिक शिक्षणाच्या तासाला या चौकात उतरतात आणि ३५ मिनिटांनी पुन्हा वर जातात. शाळेजवळ दुसरी जागा नाही.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं आणि खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं. दोन्हींतलं काहीच इथे बसत नाही. अशा शाळांमध्ये मग जे होतं ते पेठेत, गिरगावात, ठाण्यात सारखंच असतं. चार रांगा लावायच्या, प्रत्येक रांगेतल्या पहिल्या मुलाने समोरच्या भिंतीला हात लावून परत यायचं, मग दुसऱ्याने. रांगेत आठ-नऊ मुलं असतात. हजेरी, सूचना, रांगा लावणं यात दहा मिनिटं गेली आणि उरलेली पंचवीस मिनिटं या मुलांत वाटली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटांची हालचाल येते. बाकी वेळ उभं राहणं. जो मुलगा हळू धावतो, त्याची ती तीन मिनिटंही साऱ्या रांगेच्या ओरडण्यात जातात, कारण त्याच्यामुळे रांग हरत असते.

या शाळेतल्या खेळाच्या बाई रांगा लावत नाहीत. त्यांच्या एका तासाचा आराखडा मी त्यांच्यासोबत बसून समजून घेतला आणि नंतर तो तास चौकाच्या कडेला उभं राहून पाहिला. विषय होता दोरीच्या उड्या. वरवर पाहता हा विषय सोपा वाटतो, दोऱ्या वाटल्या की झालं. पण चौकाचं मोजमाप घेऊन बसलं की तो तसा राहत नाही.

दहा वर्षांच्या मुलाची दोरी साधारण दोन ते सव्वादोन मीटर लांब लागते. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत यायला हव्यात. दोरी डोक्यावरून पुढे येताना शरीरापासून जवळजवळ मीटरभर पुढे जाते आणि तेवढीच मागे. शिकाऊ मूल उड्या मारता मारता जागेवरून सरकतं, म्हणून थोडी मोकळीक धरायची. एका मुलाला पुढे-मागे अडीच मीटर आणि आडवं दीड मीटर, म्हणजे पावणेचार चौरस मीटर जागा हवी. ३४ मुलांना एकाच वेळी दोरी फिरवायला लावायची, तर सव्वाशे चौरस मीटरहून जास्त जागा लागेल. चौक आहे ६३ चौरस मीटरचा. त्यातून भिंतीलगत अर्धा मीटर सगळीकडून सोडायचा, म्हणजे उरतात ८ बाय ६ मीटर. नळाच्या कट्ट्याचा कोपरा वजा केला की राहतात ४५ चौरस मीटर. कागदावर बारा मुलं मावतात, बावीस बाहेर थांबतात.

बाईंनी हे गणित एका वहीच्या पानावर मांडून दाखवलं आणि मग म्हणाल्या, "सगळ्यांनी एकच काम करायचं म्हटलं की जागा पुरत नाही. पण सगळ्यांना एकच काम द्यायचं तरी का? ३४ मुलांत दहा जणांनाही सलग उड्या येत नाहीत."

त्यांच्या नियोजनाचं मर्म मला या वाक्यात सापडलं. दोरीची उडी ही एक हालचाल दिसते, पण तिच्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असतात. पायांनी दोन्ही तळवे एकदम उचलून हलकं टेकायचं, हातांनी मनगटातून गोल फिरवायचं, आणि या दोघांचा ताल जुळवायचा. ज्या मुलाची उडी बिघडते, त्याचं या तिघांपैकी काहीतरी एक कच्चं असतं. आणि गंमत अशी, की हे तीन भाग सुटे करून शिकवले तर प्रत्येकाला पूर्ण दोरीपेक्षा कितीतरी कमी जागा लागते. पायांच्या कामाला एक चौरस मीटर पुरतो. हातांच्या कामाला दोन. तालाला तर उभं राहण्यापुरती जागा बास होते. मुलं वेगवेगळ्या पायरीवर आहेत, ही गोष्ट एरवी शिक्षकाची अडचण समजली जाते. या चौकात तिच्यामुळेच तास जागेत बसतो.

८ बाय ६ मीटरची ती जागा बाईंनी खडूने आडवी तीन पट्ट्यांत वाटली आहे. व्हरांड्यासमोरच्या भिंतीलगतचा पहिला पट्टा अडीच मीटर खोल, मधला दोन मीटर, आणि व्हरांड्याकडचा तिसरा दीड मीटर. चौथी जागा व्हरांडा, जो जेमतेम दोन मीटर रुंद आहे.

पहिल्या पट्ट्यात पूर्ण दोरी. आठ मीटरच्या लांबीत पाच दोऱ्या शेजारी शेजारी मावतात. प्रत्येक दोरीवर दोन मुलं असतात, एक उड्या मारतं आणि दुसरं भिंतीलगत सोडलेल्या अर्ध्या मीटरच्या पट्टीत पाठ टेकून उभं राहतं. या दुसऱ्याचं काम पुढे सांगते. मधल्या पट्ट्यात फक्त हात. सात मुलं दोरी दुमडून एका हातात धरतात आणि शरीराच्या बाजूला गोल फिरवतात. तिसऱ्या पट्ट्यात जमिनीवर रेघा, पाय त्यांच्यावरून. तिथे नळाचा कोपरा सोडून नऊ मुलं. आणि व्हरांड्यात दोरीशिवाय ताल, आठ मुलं. दहा, सात, नऊ, आठ, झाली चौतीस. त्यातली एका वेळी हलत नसलेली मुलं फक्त पाच, आणि त्यांनाही काम आहे.

इथपर्यंत नियोजन जागेचं झालं. आता त्या जागेत पायऱ्या कशा रचायच्या, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात शिकवणाऱ्या मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली शारीरिक शिक्षण कसं शिकवावं यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं एक उदाहरण खेळाच्या शिक्षकांमध्ये आजही सांगितलं जातं. दोन मुलांनी दोरी आडवी, सारख्या उंचीवर धरायची आणि बाकीच्यांनी तिच्यावरून उडी मारायची. सगळ्यांना जमलं की दोरी वर न्यायची. पुन्हा उडी, पुन्हा वर. दर फेरीला काही मुलं गळतात, आणि सर्वांत आधी ती गळतात ज्यांना सरावाची गरज सर्वांत जास्त असते. शेवटी एक जण उरतो. मॉस्टन यांनी सुचवलं, की दोरीचं एक टोक खाली, दुसरं वर धरा. दोरी तिरकी झाली. आता खालच्या टोकाला घोट्याएवढी उंची आहे, वरच्या टोकाला कमरेएवढी, आणि मध्ये हव्या तितक्या उंच्या आहेत. कुठून उडी मारायची हे मुलाने स्वतः ठरवायचं. कोणीच बाद होत नाही, आणि जमल्यावर मूल आपणहून थोडं वरच्या बाजूला सरकतं. काम तेच, दोरी तीच. प्रवेशाच्या जागा मात्र अनेक, आणि निवड मुलाची.

बाईंनी ही तिरकी दोरी प्रत्येक पट्ट्यात घातली आहे. तिसऱ्या पट्ट्यात ती अक्षरशः दिसते. दोन रेघा एका टोकाला वीतभर अंतराने सुरू होतात आणि दुसऱ्या टोकाला साठ-सत्तर सेंटीमीटरपर्यंत फाकत जातात. अरुंद टोकाला काम एवढंच, की दोन्ही पाय जुळवून पलीकडे जायचं आणि आवाज न करता टेकायचं. जमलं की थोडं सरकून. ज्याला दोन्ही पाय एकदम उचलता येत नाहीत, तो एक पाऊल पलीकडे टाकून दुसरं जवळ आणतो, तीही पायरीच आहे. रुंद टोकाला लांब उडी नको, हे मात्र बाई स्पष्ट सांगतात. तिथे रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून आणि मिटून, मग पुढे-मागे कात्रीसारखे करून उड्या मारायच्या. हीच पावलं पुढे फिरत्या दोरीत करायची असतात. त्यामुळे ज्यांना शंभर साध्या उड्या येतात, ती मुलंही या पट्ट्यात मनापासून घाम गाळतात.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक ठिकाणी पायऱ्या आखल्या की त्यांचे गट होतात, आणि दोन तासांत मुलांना कळतं की तो कच्च्यांचा गट आणि हा पक्क्यांचा. मग कच्च्यांच्या गटात कोणी आपणहून जात नाही. इथे पट्टा म्हणजे इयत्ता नाही, कौशल्याचा एक भाग आहे, आणि प्रत्येक पट्ट्यात सोप्यापासून कठीणापर्यंत सगळं आहे. मधल्या पट्ट्यात नवशिकं मूल उजव्या बाजूला दोरी फिरवतं आणि तिचा फरशीवर होणारा आवाज ऐकतं. मग डाव्या बाजूला. मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, म्हणजे समोर हवेत आडवा आठचा आकडा होतो. त्यापुढे, दोन्ही बाजूंना फिरवताना प्रत्येक आवाजाला एक लहान उडी. हात आडवे करून मारायची कैचीची उडी ज्यांना शिकायची आहे, त्यांना या आठच्या आकड्याशिवाय ती येत नाही. म्हणून वर्गातली सर्वांत चपळ मुलगी त्या दिवशी मधल्या पट्ट्यात, दोरी दुमडून, डाव्या हाताशी झगडत होती. तिच्या शेजारी त्याच पट्ट्यात पहिल्यांदाच दोरी फिरवणारा मुलगा होता. दोघांकडे पाहून कोण पुढे आणि कोण मागे हे सांगता आलं नसतं.

व्हरांड्यातलं काम सगळ्यांत साधं दिसतं. जागेवर हलक्या उड्या आणि टाळ्या. आधी प्रत्येक उडीला एक टाळी, पाय टेकण्याच्या जरा आधी, कारण दोरीही तेव्हाच फरशीला लागणार असते. मग एक मोठी उडी, एक छोटी, टाळी फक्त मोठीला. हळू फिरणाऱ्या दोरीत नवशिकी मुलं दोन उड्यांच्या मध्ये एक छोटी उडी आपोआप घेतात. बरेच शिक्षक तिला चूक समजून बंद करायला सांगतात. बाई म्हणतात, ती राहू द्या. दोरी हळू आहे, मधला वेळ भरून काढायला शरीराने शोधलेली ती युक्ती आहे. मनगट वेगाने फिरायला लागलं की तिला जागाच उरत नाही आणि ती जाते. या पट्ट्याचं सर्वांत कठीण टोक म्हणजे एका उडीत दोन्ही मांड्यांवर दोनदा थाप मारणं. एका उडीत दोरी दोनदा फिरवण्याची ती तयारी आहे.

साधनांवर बाईंनी बराच विचार केला आहे आणि खर्च फारसा केलेला नाही. पूर्ण दोरीच्या पट्ट्याला पाच, मधल्या पट्ट्याला सात, आणि मधून कापलेल्या तीन. पंधरा दोऱ्यांत ३४ मुलांचा तास होतो. पातळ सुती दोरी त्या वापरत नाहीत. ती हलकी असते, हवेत तिचा बाक टिकत नाही, आणि ती आत्ता कुठे आहे हे हाताला कळत नाही. नवशिक्याला जराशी जड दोरी सोपी जाते, कारण ती हळू फिरते आणि मुठीला तिची ओढ जाणवते. त्यांनी नायलॉनच्या जाड दोरीत प्लास्टिकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे ओवले आहेत. त्याने दोरीला वजन आलं आणि फरशीवर ती लागली की स्वच्छ 'टक' ऐकू येतं. लांबी तीन प्रकारची, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, म्हणजे दोरी मापायला वेळ जात नाही. मुलं व्हरांड्यातल्या खुंटीवरून आपल्या रंगाची उचलतात.

कापलेल्या दोऱ्यांचं काम मी आधी पाहिलं नव्हतं. दोरी मधोमध कापून दोन तुकडे करायचे, टोकांना गाठ मारून वजन द्यायचं, आणि एकेका हातात एकेक धरून पूर्ण दोरीसारखेच दोन्ही हात फिरवत उड्या मारायच्या. पायात अडकायला काहीच नसतं. हात, पाय आणि आवाज मात्र खऱ्या दोरीचेच. ज्या मुलाचे हात चांगले आहेत आणि पायही चांगले आहेत पण दोन्ही एकत्र आणताना जो बिथरतो, त्याच्यासाठी ही मधली पायरी आहे. ती नसेल तर मुलं तिथे महिनोन्‌महिने अडकून बसतात आणि मग 'मला दोरी येतच नाही' असं स्वतःबद्दल ठरवून टाकतात. त्यानंतर पूर्ण दोरीवरही एकदम सलग उड्या नाहीत. आधी दोरी डोक्यावरून पुढे आणून पायाच्या बोटांशी थांबवायची, मग तिच्यावरून पलीकडे जायचं, मग पुन्हा फिरवायची. त्यानंतर एक उडी आणि थांबा. मग दोन.

वर्गात एका मुलाच्या शरीराची उजवी बाजू जन्मापासून कमजोर आहे. तो चालतो, पण उजवा पाय ओढत, आणि उजव्या मुठीची पकड सैल आहे. त्याच्यासाठी बाईंनी वेगळा कार्यक्रम आखलेला नाही, याच पट्ट्यांत त्याच्या पायऱ्या शोधल्या आहेत. मधल्या पट्ट्यात त्याचा डावा हात उत्तम फिरतो. कापलेल्या दोरीचा उजवा तुकडा आखूड केलेला आहे आणि त्याच्या मुठीवर सायकलची जुनी रबरी मूठ चढवून ती जाड केली आहे, म्हणजे सैल पकडीतही ती टिकते. ती मनगटाला बांधायची नाही, हा नियम पक्का. पडताना हात मोकळा हवा. पूर्ण दोरीवर तो उडी मारत नाही. दोरी बोटांशी थांबवतो, डावा पाय पलीकडे टाकतो, उजवा ओढून घेतो, आणि दोरी पुन्हा फिरवतो. मी पाहत होते त्या वेळी त्याचे सलग सहा फेरे झाले. त्याच्या जोडीदाराने ते सहा मोजले, इतर कोणाच्या उड्या मोजाव्यात तसेच.

दुसऱ्या एका मुलीला फार कमी दिसतं. नळीच्या तुकड्यांचा आवाज तिच्यासाठीच आधी सुचला होता, पण फायदा सगळ्यांना झाला. पहिल्या पट्ट्यात तिची जागा कायम टोकाची, म्हणजे एका बाजूला फक्त भिंत असते आणि शेजारची दोरी एकाच बाजूने येऊ शकते. तिसऱ्या पट्ट्यात खडूऐवजी जाड पांढरी चिकटपट्टी लावली आहे. काळसर फरशीवर ती तिला दिसते आणि तळपायालाही कळते. मागच्या एका तुकडीत चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा होता. चौक आणि व्हरांडा यांच्यात एक पायरी आहे, तिथे फळी टाकली. तो जमिनीवरच्या दोरीवरून तालावर पुढे-मागे जायचा. खिडकीच्या गजाला एक टोक बांधून लांब दोरी दुसऱ्या टोकाने फिरवायचा. लांब दोरी समान गतीने फिरवणं हे खरोखर कठीण काम आहे. फिरवणाऱ्याने उडी मारणाऱ्याकडे पाहून आपला वेग बदलावा लागतो.

पण इथे बाई एक इशारा देतात आणि तो मी जसाच्या तसा देते. अपंग मुलाला कायम दोरी फिरवणारा करू नका. गुण लिहिणारा, शिट्टी वाजवणारा, सामान सांभाळणारा तर मुळीच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १६ व्या कलमात शाळांनी या मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे, असं म्हटलेलं आहे. कडेला बसवून हातात वही देणं म्हणजे बरोबरी नाही. त्या मुलानेही प्रत्येक पट्ट्यात जायचं, घामेघूम व्हायचं, आणि फिरवण्याची पाळी त्याची येते तशी इतरांचीही यायची.

आता भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या पाच जणांकडे वळते. त्यांना बाईंनी ऐकायला शिकवलं आहे. पूर्ण दोरीच्या उडीत दोन आवाज असतात. दोरी फरशीला लागते तो 'टक', पाय टेकतात तो 'धप'. नीट उडीत आधी टक येतो आणि लगेच मागून धप, कारण दोरी खालून जाताना पाय हवेत असतात. मधली छोटी उडी घेणाऱ्याचं टक-धप-धप होतं, तेही चालतं. पण धप आधी आणि टक नंतर आला, तर मूल घाई करतंय, दोरी डोक्यावर असतानाच उडतंय, आणि ती खाली येईपर्यंत पाय पुन्हा जमिनीवर आहेत. अशा मुलाला 'लवकर उडू नकोस' सांगून उपयोग होत नाही, कारण लवकर म्हणजे कधी हे त्याला कळत नसतं. त्याला मधल्या पट्ट्यात पाठवायचं. तिथे दुमडलेल्या दोरीच्या टकाबरोबर उडी मारायचा सराव दोन-तीन मिनिटं केला की बहुतेकदा ताल जागेवर येतो. टक आणि धप यांच्यात लांब अंतर पडत असेल, तर उडी फार उंच आहे. दोरी बोटभर जाडीची असते, तिच्यासाठी दोन-तीन सेंटीमीटर उचललं तरी पुरे.

डोळ्यांनी पकडायच्या चुका दोनच सांगितल्या आहेत. पहिल्या चार-पाच उड्या छान होतात आणि मग दोरी पायाच्या बोटांत अडकते, असं वारंवार होत असेल तर पायांकडे बघायचं नाही. कोपरांकडे बघायचं. उड्या मारता मारता हात बाजूला पसरत जातात, त्यामुळे दोरी वर ओढली जाऊन आखूड पडते. उपाय असा, की दोन्ही काखांत एकेक रुमाल धरायचा आणि तो पडू न देता उड्या मारायच्या. दुसरी चूक, गुडघ्यातून पाय मागे दुमडून टाचा वर फेकणं. त्या मुलाला तिसऱ्या पट्ट्याच्या टोकाला, बाजूच्या भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं करतात. टाच भिंतीला लागली की त्याचं त्यालाच समजतं.

हे जोडीदाराचं काम दर अर्ध्या मिनिटाने बदलतं. त्यामुळे कोणी फार वेळ उभं राहत नाही आणि कोणी दमून उड्या बिघडवतही नाही. शहाबादी फरशी कठीण असते, तिच्यावर सलग तीन मिनिटं उड्या मारणं नडगीला आणि टाचेला चांगलं नाही. अर्ध्या मिनिटाची पाळी याही कारणासाठी आहे. अनवाणी उड्या नाहीत, कॅनव्हासचे बूट हवेत. नळीचे तुकडे उघड्या बोटांवर बसले की मूल आठवडाभर दोरीला हात लावत नाही.

३५ मिनिटांची विभागणी अशी. पहिली पाच मिनिटं खाली उतरणं आणि अंग सैल करणं, तेही आपापल्या पट्ट्यातच, सगळ्यांनी एका ठिकाणी जमणं नाही. पुढची आठ मिनिटं चारही जागांचा फेरा, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, सगळ्यांनी सक्तीने. मग अठरा मिनिटं निवडीची. शेवटची चार दोऱ्या टांगायला आणि श्वास जागेवर यायला. फेऱ्याचा इशारा हात वर करून देतात, शिट्टी नाही, कारण वरच्या वर्गांत तास चालू असतात.

निवडीच्या अठरा मिनिटांत खरी परीक्षा असते. मुलं मैत्री बघून पट्टा निवडतात, किंवा पूर्ण दोरीचा हट्ट धरतात. सुरुवातीच्या काही तासांना पहिल्या पट्ट्यात वीस जण उभे असायचे. बाईंनी त्यांना हाकललं नाही, दोन नियम दिले. पहिल्या पट्ट्यात एका दोरीवर तिघांहून जास्त नाहीत. आणि दहा प्रयत्नांत सात-आठ जमत असतील तर पुढची गोष्ट करून बघ, चारपेक्षा कमी जमत असतील तर जिथे अडतंय त्या पट्ट्यात जा. मोजायचं मुलाने आणि जोडीदाराने, ठरवायचंही त्यांनीच. कोणी तीन तास एकाच सोप्या कामावर रेंगाळलं, तरच बाई जवळ जातात, आणि तेव्हाही प्रश्न एवढाच विचारतात, "आज काय नवीन करून बघणार आहेस?" त्यांच्या वहीत कोणाच्या किती उड्या झाल्या याची नोंद नाही. प्रत्येक नावासमोर पाय, हात, ताल, पूर्ण असे चार रकाने आणि त्यांत तारखा. कोणत्या रकान्यात बरेच दिवस तारीख पडली नाही, एवढं पाहून पुढच्या तासाची आखणी होते.

पावसाळ्यात हे सगळं बिघडतं. ओल्या फरशीवर दोरी फिरवायची नाही, यात तडजोड नाही. तेव्हा व्हरांड्यात सतरा आणि वर्गात बाकं भिंतीला सरकवून सतरा. व्हरांड्यात तालाचं काम, वर्गात जमिनीवरच्या रेघा. हात फिरवायचं काम बंद, कारण वर्गात पंखे आहेत. जून ते सप्टेंबर हातांच्या रकान्यात तारखा जवळजवळ नसतातच.

आणि काही गोष्टी या चौकात कधीच होणार नाहीत. लांब धावणं, लांब फेकणं, समोरून वेगाने येणारा चेंडू पाहून दिशा बदलणं, हे शिकवायला जागा लागतेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलेलं आहे. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागेत ते उगवणार नाही, पण जवळच्या मोकळ्या पटांगणावर ठरावीक दिवशी वर्ग नेता येईल, एवढी व्यवस्था करता येते. बाईंनी त्यासाठी मुख्याध्यापकांकडे सलग दोन तासिका एकत्र मागितल्या आहेत, कारण जाण्या-येण्यातच पंचवीस मिनिटं जातात. त्या मिळाल्या तर तिथे काय करायचं, हे त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून तयार आहे. धावण्याची वाट तिथेही सरळ आखलेली नाही. सुरुवातीच्या रेघा तिरक्या आहेत, १५ मीटरपासून ४० मीटरपर्यंत, आणि कुठून धावायचं ते प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं आहे.